ओळ आणि स्तंभ यांची गाठ कुणी बांधली?

पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी येतो. दोन मॅट्रिक्सची बेरीज करताना ज्या त्या जागेवरचे घटक एकमेकांत मिळवायचे, वजाबाकीही तशीच करायची. मग गुणाकारालाच काय झाले? तिथे एकीची आडवी ओळ घ्या, दुसरीचा उभा स्तंभ घ्या, जोडीजोडीने गुणा आणि वर त्या गुणाकारांची बेरीज करा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला काय उत्तर द्यावे याबद्दल शिकवणाऱ्यांमध्ये जो वाद चालतो, तो मात्र मला भलत्याच मुद्द्यावर चाललेला दिसतो. एक पक्ष म्हणतो, व्याख्या ही व्याख्या असते. तिला कारण विचारायचे नसते, ती पाठ करून वीस उदाहरणे सोडवायची. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांना उपयोग दाखवा. संगणकावरची चित्रे, यंत्रांचे शिकणे, विजेची मंडले यांत हाच गुणाकार लागतो असे सांगितले की त्यांना पटेल. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे: हा नियम कुणीतरी आधी ठरवला आणि त्याचे समर्थन आता आपल्याला शोधायचे आहे.

माझे म्हणणे असे की नियम कुणी ठरवलेलाच नाही. रेषीय समीकरणांचा एक संच दुसऱ्या संचात घातला की जे सहगुणक हाती येतात, ते लिहून काढण्याची रीत म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार. हे समजायला दहावीचे बीजगणित पुरते. आणि हे नियम सांगण्याआधी करून दाखवायला हवे, कारण नियम एकदा फळ्यावर आला की मुले 'का' विचारणे सोडून 'कसे' गिरवू लागतात.

करूनच पाहू. समजा x आणि y या दोन संख्यांपासून आपण u आणि v या दोन नव्या संख्या बनवल्या: u = x + 2y आणि v = 3x + 4y. मग या u आणि v पासून आणखी दोन संख्या बनवल्या: p = 5u + 6v आणि q = 7u + 8v. आता कुणी विचारले की मधल्या u, v चे आम्हाला काही देणेघेणे नाही, p आणि q थेट x, y मध्ये सांगा, तर काय कराल? दहावीत केले तेच: u आणि v च्या किमती ठेवाल. p = 5(x + 2y) + 6(3x + 4y), म्हणजे p = 23x + 34y. तसेच q = 7(x + 2y) + 8(3x + 4y), म्हणजे q = 31x + 46y. इथवर मॅट्रिक्स हा शब्द कुठेही आलेला नाही. आता फक्त अक्षरे गाळा आणि सहगुणक त्यांच्या त्यांच्या जागी चौकटीत लिहा:

```
[5 6]   [1 2]   [23 34]
[7 8] × [3 4] = [31 46]
```

डावीकडच्या दोन चौकटींवरून उजवीकडची मिळते ती ओळ-स्तंभाच्या नियमाने. पण तो नियम आपण वापरला का? नाही, आपण कंस सोडवले. 23 कुठून आले ते एकदा नीट पाहिले की सगळे उलगडते. p मध्ये x किती वेळा आहे, हा प्रश्न आहे. x पासून p पर्यंत यायला दोन वाटा आहेत: एक u वरून जाते, दुसरी v वरून. पहिल्या वाटेवर x ला आधी 1 ने गुणले जाते आणि मग 5 ने. दुसरीवर आधी 3 ने आणि मग 6 ने. एकाच वाटेवर एकामागून एक येणारे आकडे गुणले जातात, आणि दोन वाटांनी आलेला माल शेवटी एकत्र होतो म्हणून त्यांची बेरीज होते: 5·1 + 6·3. आता 5 आणि 6 कुठे आहेत? p च्या समीकरणात, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या चौकटीतल्या पहिल्या ओळीत. आणि 1 व 3? u आणि v या दोघांच्या समीकरणांत x समोर, म्हणजे पहिल्या पायरीच्या चौकटीतल्या पहिल्या स्तंभात. ओळ आणि स्तंभ यांची गाठ पडते ती यामुळे. एका समीकरणाचे सहगुणक आडवे लिहायचे अशी आपली सवय आहे, आणि म्हणून एकाच चलाचे निरनिराळ्या समीकरणांतले सहगुणक आपोआप उभे येतात. यात गूढ काही नाही.

दुसऱ्या पायरीची चौकट डावीकडे का, हाही प्रश्न इथेच सुटतो. आपण चल सहगुणकाच्या उजवीकडे लिहितो: 5u, 6v. म्हणून x, y चा स्तंभ उजव्या टोकाला असतो, त्याच्यावर आधी काम करणारी चौकट त्याला लागून बसते आणि नंतरची तिच्या डावीकडे. क्रम उलटा वाटतो, पण तो लिहिण्याच्या सवयीतून आला आहे. मुले इथे हमखास अडखळतात आणि आपण 'तसेच असते' म्हणून पुढे जातो.

आणखी एक गोष्ट या उदाहरणात दडलेली आहे, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. हा सगळा खेळ चालतो तो समीकरणे रेषीय असल्यामुळे. रेषीय समीकरणात रेषीय समीकरण घातले की पुन्हा रेषीयच निघते, म्हणून दोन चौकटींपासून त्याच धाटणीची तिसरी चौकट मिळते. p = u² असते तर किंमत ठेवल्यावर x², xy आणि y² अशी पदे आली असती, आणि ती ठेवायला दोन बाय दोनच्या चौकटीत जागाच नसती. मॅट्रिक्सच्या गुणाकाराची हद्द कुठे संपते हे मुलांना याच वेळी दाखवता येते.

इतिहासाकडे पाहिले तर क्रम हाच दिसतो. 1801 साली गाऊस द्विघाती पदावल्यांचा अभ्यास करत होता. त्यात जुन्या चलांच्या जागी नवी चले घालायची आणि त्यांच्याही जागी आणखी नवी घालायची, असे सारखे करावे लागे. दोन बदल एकापाठोपाठ केल्यावर होणाऱ्या एकत्रित बदलाचे सहगुणक त्याने लिहून ठेवले, आणि ते आज आपण ज्याला मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणतो तेच आहेत. मॅट्रिक्स हे नाव सिल्व्हेस्टरने दिले ते 1850 साली. म्हणजे नावाच्या जवळपास अर्धशतक आधी गुणाकार हजर होता! आयझेनस्टाइनने 1840 च्या दशकात अशा बदलांना एकेक अक्षर देऊन त्यांचा गुणाकार लिहायला सुरुवात केली आणि यात क्रम बदलला तर उत्तर बदलते हेही नोंदवले. मग 1858 मध्ये आर्थर केलीने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध निबंध लिहिला. केली तेव्हा पोटापाण्यासाठी लंडनमध्ये वकिली करत होता. केंब्रिजची प्राध्यापकी त्याला मिळाली ती 1863 मध्ये. त्या निबंधात तो मॅट्रिक्सची ओळख करून देतो तीच मुळी रेषीय समीकरणांच्या संचाचे थोडक्यात लेखन म्हणून, आणि गुणाकार येतो तो एक संच दुसऱ्यात घालण्यातून. ज्याच्या नावावर ही व्याख्या आहे त्याने ती आकाशातून पाडली नव्हती. मग आपण ती तशी पडल्यासारखी का शिकवतो?

आता विरोधी बाजूचे म्हणणे. त्यातले पहिले असे: तर्काच्या दृष्टीने व्याख्येला कारणाची गरज नसते. हे पूर्ण खरे आहे. उद्या कुणी ज्या त्या जागेवरचे घटक गुणून मिळणाऱ्या चौकटीला गुणाकार म्हटले, तर त्याला चूक म्हणता येणार नाही. तो गुणाकार अस्तित्वात आहे, त्याला अॅडमारचा गुणाकार म्हणतात. शूरने 1911 मध्ये त्याबद्दल एक सुरेख प्रमेय सिद्ध केले, आणि छायाचित्राच्या काही ठिपक्यांचा उजळपणा कमी-जास्त करायचा असेल तर तोच गुणाकार लागतो. पायथन या संगणकभाषेतल्या नमपाय या गणिती संग्रहात `*` हे चिन्ह त्यालाच दिलेले आहे, आणि ओळ-स्तंभाच्या गुणाकारासाठी पायथनमध्ये `@` हे वेगळे चिन्ह 2015 साली, 3.5 या आवृत्तीत आले. तेव्हा 'जागच्या जागी गुणायला काय हरकत आहे' असे विचारणारा विद्यार्थी मूर्ख नाही. त्याला 'तसे नसते' हे उत्तर देणे म्हणजे चक्क खोटे सांगणे आहे.

त्याला खरे उत्तर हे: तसेही असते, पण त्या गुणाकाराने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. चौकट म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता असेल, तर जागच्या जागी गुणणे शोभते. चौकट म्हणजे एका गोष्टीचे दुसऱ्या गोष्टीत रूपांतर करण्याची कृती असेल, तर दोन कृती एकापाठोपाठ केल्यावर काय होते हे जागच्या जागी गुणून कळत नाही. याची परीक्षा घ्यायला एक उदाहरण पुरे आहे. प्रतलातला प्रत्येक बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 90 अंशांनी फिरवणारी मॅट्रिक्स घ्या. (1, 0) हा बिंदू (0, 1) वर जातो आणि (0, 1) हा (−1, 0) वर. म्हणून तिचे स्तंभ तेच. हे फिरवणे दोनदा केले तर काय व्हायला हवे? 180 अंश, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या दोन्ही निर्देशकांची चिन्हे बदलायला हवीत. आता दोन्ही तऱ्हेचे गुणाकार करून पाहा:

```python
import numpy as np
R = np.array([[0, -1], [1, 0]])
print(R @ R)
print(R * R)
```

पहिले उत्तर येते `[[-1 0] [0 -1]]`, अर्धा फेरा, अपेक्षेप्रमाणे. दुसरे येते `[[0 1] [1 0]]`. ही मॅट्रिक्स x आणि y ची अदलाबदल करते, म्हणजे y = x या रेषेत बिंदूचे प्रतिबिंब दाखवते. दोनदा फिरवले आणि आरशातली प्रतिमा मिळाली! कितीही वेळा फिरवा, फिरवण्याने डाव्याचे उजवे कधी होत नाही. जागच्या जागी गुणण्याने त्या फिरवण्याचा मागमूसही उरला नाही. संगणक इथे चूक झाल्याचा संदेश देत नाही हेही लक्षात घ्यायला हवे: दोन्ही मॅट्रिक्स सारख्याच आकाराच्या असल्या की `*` मुकाट्याने उत्तर देतो, आणि चूक सापडते ती चित्र वाकडे दिसल्यावर. ज्याला फक्त नियम पाठ आहे, त्याला हे उत्तर संशयास्पद वाटण्याचे कारणच नाही. ज्याला गुणाकार म्हणजे 'एकानंतर दुसरे' हे ठाऊक आहे, तो (1, 0) हा बिंदू घेऊन दोनदा फिरवून पाहतो आणि अर्ध्या मिनिटात चूक पकडतो.

दुसरी परीक्षा निश्चयकाची. क्रेमरच्या पद्धतीमुळे दोन बाय दोनचा निश्चयक आपल्याकडच्या मुलांना दहावीतच भेटलेला असतो. प्रतलात एखादी आकृती मॅट्रिक्सने बदलली की तिचे क्षेत्रफळ किती पट होते ते निश्चयक सांगतो, आणि ऋण चिन्ह आकृती उलटली गेल्याचे. वरच्या उदाहरणात पहिल्या पायरीचा निश्चयक 1·4 − 2·3 = −2 आणि दुसरीचा 5·8 − 6·7 = −2. दोन्ही पायऱ्यांत क्षेत्रफळ दुप्पट होते आणि आकृती उलटते. दोन्ही मिळून चौपट व्हायला हवे आणि आकृती पुन्हा सुलट व्हायला हवी. 23·46 − 34·31 = 1058 − 1054 = 4. बरोबर. जागच्या जागी गुणून मिळणारी चौकट 5, 12, 21, 32 अशी येते; तिचा निश्चयक 160 − 252, म्हणजे −92. या −92 चा त्या दोन पायऱ्यांशी काही संबंध लावून दाखवावा! निश्चयकांचा गुणाकाराचा हा नियम बिने आणि कोशी या दोघांनी 1812 मध्ये मांडला, म्हणजे पुन्हा नावाच्या आधी. व्याख्येला कारण लागत नाही हे मान्य. पण शेकडो शक्य व्याख्यांतली एकच गणितात टिकते आणि बाकीच्या कोपऱ्यात जातात, याला कारण असतेच, आणि शिक्षकाने तेच सांगायचे असते.

विरोधकांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, 'मॅट्रिक्स म्हणजे रेषीय रूपांतर' ही कल्पना पहिल्या वर्षाला झेपत नाही. सदिश अवकाश, आधार, परिमाण हे सगळे आधी सांगावे लागते, आणि एवढे करीपर्यंत सत्र संपते. मी हे निम्मे मान्य करतो. तो रस्ता पहिल्या वर्षाला खरोखर जड आहे, आणि काही उत्साही मंडळी पहिल्याच तासाला 'समरूपता' काढून बसतात तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मी पाहिलेले आहे. पण त्याच गाभ्याला पोचणारा सोपा रस्ता आपण वर चालून आलो: किंमत ठेवणे. त्यात अवकाश नाही, आधार नाही, कंस सोडवणे आहे. गाऊसकडे 1801 मध्ये सदिश अवकाशाची व्याख्या नव्हती; त्याचे काही अडले नाही.

तिसरे म्हणणे उपयोगवाल्यांचे. त्यांचे नेहमीचे उदाहरण दुकानाच्या बिलाचे: वस्तूंच्या नगांची ओळ, किमतींचा स्तंभ, गुणून बेरीज केली की बिल. हे उदाहरण चांगले आहे, पण अर्ध्यावर थांबते. त्यातून ओळीने स्तंभाला का गुणावे ते कळते. चौकटीने चौकटीला गुणल्यावर चौकटच का मिळावी ते कळत नाही. तेच उदाहरण एक पायरी पुढे नेले तर मात्र काम फत्ते होते. दिवाळीच्या फराळाचे डबे विकणाऱ्या एखाद्या गृहउद्योगाचा हिशोब घ्या. लहान डब्यात 4 लाडू आणि 6 करंज्या, मोठ्या डब्यात 10 लाडू आणि 12 करंज्या. एका लाडवाला 15 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम तूप, एका करंजीला 8 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम तूप. आता लहान डब्याला साखर किती? 4·15 + 6·8 = 108 ग्रॅम. तूप 4·10 + 6·5 = 70 ग्रॅम. मोठ्याला साखर 246 ग्रॅम, तूप 160 ग्रॅम.

```
[ 4  6]   [15 10]   [108  70]
[10 12] × [ 8  5] = [246 160]
```

पहिल्या चौकटीत ओळी डब्यांच्या आणि स्तंभ पदार्थांचे. दुसरीत ओळी पदार्थांच्या आणि स्तंभ साहित्याचे. उत्तरात ओळी डब्यांच्या आणि स्तंभ साहित्याचे. पदार्थ मध्ये आले आणि बेरजेत विरून गेले, जसे मघाशी u आणि v विरून गेले. एककेही तेच बोलतात: 'नग दर डबा' गुणिले 'ग्रॅम दर नग' म्हणजे 'ग्रॅम दर डबा'. पहिलीच्या स्तंभांची संख्या दुसरीच्या ओळींइतकीच का हवी, हे निराळे सांगावे लागते का? पहिली चौकट लाडू, करंजी आणि चकलीची असेल आणि दुसरीत चकलीची कृतीच नसेल, तर साखरेचा हिशोब लागणार कसा? एवढेच नव्हे, तर संख्या जुळूनही अर्थ जुळेलच असे नाही. दुसऱ्या चौकटीत चुकून करंजीची ओळ आधी आणि लाडवाची नंतर लिहिली तर नियम बिनतक्रार चालेल आणि उत्तर चुकीचे येईल. गुणण्याआधी पहिलीचे स्तंभ आणि दुसरीच्या ओळी एकाच गोष्टींची, एकाच क्रमाने नावे घेतात का हे पाहायचे, ही सवय ज्याला लागली त्याला पुढे फार त्रास होत नाही. आणि क्रमनिरपेक्षता का नाही, हेही इथे उघडे पडते. चौकटींची जागा बदलून गुणले तर 15 ग्रॅम साखर दर लाडू गुणिले 4 लाडू दर लहान डबा वगैरे आकडे येतात खरे, पण पहिलीचे स्तंभ साखर-तुपाचे आणि दुसरीच्या ओळी डब्यांच्या. साखरेची डब्याशी जोडी लावून मिळालेली बेरीज कशाची, हे तो गृहउद्योग चालवणाऱ्या बाईंनाही सांगता येणार नाही.

फराळात उलटा क्रम अर्थहीन होतो. भूमितीत तो अर्थपूर्ण राहतो पण अर्थ बदलतो. (1, 0) हा बिंदू आधी x-अक्षात परावर्तित केला तर जागचा हलत नाही, आणि मग 90 अंश फिरवला की (0, 1) वर येतो. उलट केले, म्हणजे आधी फिरवून मग परावर्तित केला, तर तो (0, −1) वर पोचतो. तेव्हा AB आणि BA वेगळे असणे ही गुणाकाराची खोड नाही. दोन कामांचा क्रम बदलला की बहुधा परिणाम बदलतो, आणि गुणाकार ते प्रामाणिकपणे नोंदवतो. साहचर्याचे याच्या उलट. (AB)C = A(BC) हे पडताळून पाहायला आपण मुलांना तीन मॅट्रिक्स देतो, आणि ती बिचारी दोन पाने आकडेमोड करून अखेर दोन्ही बाजू सारख्या आल्याचे पाहून सुटकेचा श्वास टाकतात. पण तीन कामे एकापाठोपाठ एक करायची आहेत. त्यातली पहिली दोन मनात एकत्र धरा की शेवटची दोन, कामे तीच आणि क्रमही तोच. दोन्ही बाजू वेगळ्या निघतीलच कशा? व्याख्येचा अर्थ आधी सांगितला असता तर त्या दोन पानांतून जे सिद्धही होत नाही, ते एका वाक्यात सिद्ध झाले असते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मात्र गणिताबाहेरून येतो. 1925 च्या जूनमध्ये 23 वर्षांचा हायझेनबर्ग पराग-ज्वराने बेजार होऊन हेल्गोलँड बेटावर गेला होता. अणूतला इलेक्ट्रॉन दिसत नाही. दिसतो तो एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाताना बाहेर पडणारा प्रकाश. म्हणून त्याने प्रत्येक पातळी-जोडीसाठी एक आकडा असा तक्ता मांडला. मग त्याला दोन राशींच्या गुणाकाराचा तक्ता हवा झाला. प्रकाशाच्या वारंवारता अशा जुळतात की n वरून k आणि k वरून m या दोन उड्यांच्या वारंवारतांची बेरीज n वरून m या उडीच्या वारंवारतेइतकी येते. तेव्हा गुणाकाराच्या तक्त्यात n, m या जागी काय यावे? मधल्या प्रत्येक k साठी दोन उड्यांच्या आकड्यांचा गुणाकार, आणि सगळ्या k साठी त्यांची बेरीज. u वरून आणि v वरून जाणाऱ्या आपल्या वाटाच त्या, फक्त अगणित. हायझेनबर्गला मॅट्रिक्स माहीत नव्हत्या, आणि या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते याने तो अस्वस्थ झाला. हा तर मॅट्रिक्सचा गुणाकार, हे ओळखले ते माक्स बॉर्नने. त्याने विद्यार्थी असताना ब्रेस्लाऊला तो विषय ऐकला होता. ज्याला व्याख्या कुणी कधी सांगितली नव्हती, तो मधल्या पायऱ्यांचा हिशोब करता करता नेमक्या तिच्यापाशी पोचला. नियम नुसता संकेत असता तर हे घडते का?

राहता राहिला सरावाचा प्रश्न. हात बसल्याशिवाय गणित येत नाही, आणि परीक्षेत तीन बाय तीनचा गुणाकार बिनचूक करावा लागतो, हे विरोधकांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. कारण सांगितले म्हणून सराव टळत नाही. पण सराव म्हणजेच व्याख्या, असा जो समज त्यातून तयार होतो तो घातक आहे. दोन बाय दोनच्या दोन मॅट्रिक्स नियमाने गुणायला 8 गुणाकार लागतात. 1969 मध्ये फोल्कर स्ट्रासेनने दाखवले की बेरजा-वजाबाक्या वाढवल्या तर 7 गुणाकारांतही तेच उत्तर निघते, आणि मोठ्या मॅट्रिक्सचे तुकडे करून हीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली की बचत वाढत जाते. ओळ-स्तंभाची रीत हीच ज्याच्या लेखी व्याख्या आहे, त्याला स्ट्रासेनने केले ते मॅट्रिक्सचा गुणाकार आहे की आणखी काही, हे सांगता येऊ नये. ज्याला गुणाकार म्हणजे दोन पायऱ्यांची एक पायरी करणे हे माहीत आहे, त्याला ती पायरी कुठल्या रीतीने काढली याने फरक पडत नाही.

'पण परीक्षेत हे विचारणार कसे?' असा शेवटचा आक्षेप असतो, आणि तो व्यवहारी लोकांचा असल्यामुळे बाकीच्या सगळ्यांवर भारी पडतो. विचारता येते. 'A × B काढा' या पाच गुणांच्या प्रश्नाच्या जागी असा प्रश्न घाला: u = x + 2y, v = 3x + 4y; p = 5u + 6v, q = 7u + 8v. एका विद्यार्थ्याने या दोन संचांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून पहिल्या ओळीत 19 आणि 22, दुसरीत 43 आणि 50 असे उत्तर दिले. त्याची आकडेमोड अचूक आहे. x = 1, y = 0 घेऊन p आणि q प्रत्यक्ष काढा, त्याचे उत्तर का चालणार नाही ते दाखवा, आणि त्याने काढलेली मॅट्रिक्स कोणत्या क्रमाने किमती ठेवल्यास मिळेल ते लिहा. तपासायला दोन मिनिटे लागतात, गुणही पाचच, आणि तीनही भागांना उत्तर एकेकच आहे.